कापलेला अक्ष आणि फुगलेले आकडे

महाराष्ट्रात मुस्लिमांचा लोकसंख्येतला वाटा २००१ च्या जनगणनेत १०.६० टक्के होता, २०११ मध्ये ११.५४ टक्के. दहा वर्षांत एक टक्काही पूर्ण वाढलेला नाही. पण ग्राफमधला उभा अक्ष शून्याऐवजी १० पासून सुरू करा आणि मग हेच दोन स्तंभ पाहा. पहिल्याची उंची उरते ०.६०, दुसऱ्याची १.५४. दुसरा स्तंभ अडीच पटीहून उंच दिसतो. आकडा एकही खोटा नाही, तरी बघणाऱ्याच्या मनात भीती बसते.

ही फसवणूक मोजता येते. एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ मधल्या पुस्तकात त्यासाठी साधा हिशेब दिला: चित्रात दिसणारी वाढ भागिले आकड्यांतली खरी वाढ. इथे चित्रातली वाढ १५७ टक्के आणि खरी सुमारे ९ टक्के, म्हणजे चित्र वाढ जवळपास १८ पट फुगवून दाखवते. प्रामाणिक ग्राफमध्ये हे उत्तर १ च्या आसपास येते.

बातम्यांमध्ये हे खरोखर घडते. अमेरिकेत २०१२ मध्ये फॉक्सच्या वाहिनीवर कराचा दर ३५ वरून ३९.६ टक्के होईल असा ग्राफ दाखवला गेला. अक्ष ३४ पासून सुरू होता, त्यामुळे दुसरा स्तंभ पाच पटीहून उंच दिसला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून एक गोष्ट सांगायला हवी: प्रत्येक वेळी यामागे कट असतोच असे नाही. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण सहाव्या हिश्श्यापेक्षा कमी असेल, तर एक्सेल स्वतःच शून्य सोडून अक्ष वरून सुरू करते. वरचे दोन आकडे या नियमात बसतात. पण तो ग्राफ तसाच छापणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही.

मग शून्य नेहमीच हवे का? नाही. त्र्यंबकेश्वरचा पाऊस गोदावरीतून गंगापूर धरणात उतरतो. तिथली पाणीपातळी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या वर मोजतात. ती रेषा शून्यापासून काढली तर धरण भरले की आटले, कळणारच नाही. रेषेत आपण चढ-उतार वाचतो, स्तंभात उंची. म्हणून शून्याची सक्ती स्तंभाला आहे, रेषेला नाही. रेषेच्या बाबतीत मात्र अक्षावरचे आकडे वाचूनच चढ किती ते ठरवायचे.

तेव्हा व्हॉट्सॲपवर असा ग्राफ आला की आधी स्तंभांच्या पायाशी कोणता आकडा आहे ते पाहा. आकडाच लिहिलेला नसेल, तर उंची विसरून स्तंभांवरच्या दोन आकड्यांचा भागाकार करा. ११.५४ भागिले १०.६० म्हणजे १.०९. वाद घालायचाच असेल तर या १.०९ वर घाला, चित्रातल्या अडीच पटीवर नाही.