कंपनीने कॅबचं कंत्राट काढलं, पण उद्या दारात गाडी कोणती येणार?

‘उद्यापासून जुन्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या बंद, नवीन व्हेंडर येतोय.’ शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांच्या ग्रुपवर असा मेसेज कधी ना कधी पडतोच. कारण विचारलं तर एचआरकडून दोनच शब्द मिळतात, सुरक्षितता आणि वेळ. दोन दिवस चर्चा होते, नवीन गाडी येते आणि बऱ्याचदा तीन महिन्यांनी तीच रड पुन्हा सुरू होते.

असं का होतं, हे समजून घ्यायला आपण एक रूट डोळ्यासमोर ठेवू. पोलादपूर तालुक्यातलं कापडे आणि आजूबाजूच्या वाड्या. तिथून महाड एमआयडीसीत कामाला जाणारी माणसं. कंपनी, गाड्या आणि आकडे आपण उदाहरणापुरते धरतोय, पण गणित खरं आहे.

समजा, कंपनीच्या 10 गाड्या 10 रूटवर चालतात. तीन शिफ्ट, म्हणजे माणसं आणायच्या तीन फेऱ्या आणि सोडायच्या तीन. दिवसाला एका गाडीच्या सहा फेऱ्या, महिन्याचे 26 दिवस धरले तर 156. दहा गाड्यांच्या मिळून 1560. महिनाअखेरीस कंत्राटदार रिपोर्ट देतो की 95 टक्के फेऱ्या वेळेवर झाल्या. ऐकायला झकास वाटतं. उरलेले पाच टक्के म्हणजे 78 फेऱ्या. आता या 78 फेऱ्या दहा रूटवर सारख्या वाटल्या गेल्या असतील, तर कोणाला फारसं जाणवणारही नाही. पण त्या सगळ्या एकट्या कापड्याच्या रूटवर असतील तर? 156 पैकी 78. म्हणजे दर दोन फेऱ्यांमागे एक गाडी उशिरा आणि कागदावर मात्र कंत्राटदार पास!

आणि उशीर नेमका अशाच रूटवर साठतो, कारण हायवेलगतच्या फाट्यावर गाडी मिळाली नाही तर माणूस वडाप पकडतो, एसटी पकडतो, बोंब मारतो. आतल्या गावातल्या माणसाकडे दुसरा पर्याय नसतो, त्यामुळे गाडी कमी पडली की पहिली फेरी त्याचीच पुढे ढकलली जाते. म्हणून कंत्राट काढायचं की नाही हे ठरवताना सरासरी बघून उपयोग नाही. रूटप्रमाणे आणि शिफ्टप्रमाणे हिशोब काढावा लागतो.

त्यातही वाद होतातच. चालक म्हणतो मी वेळेत आलो होतो, माणूसच उभा नव्हता. माणूस म्हणतो गाडीच आली नाही. हा वाद मिटवायला ट्रिपशीटवर तीन वेळा लिहिलेल्या असाव्या लागतात. गाडी थांब्यावर कधी पोचली, तिथून कधी निघाली आणि कंपनीच्या गेटवर कधी आली. बऱ्याच ठिकाणी फक्त गेटची नोंद असते. मग वीस मिनिटं उशिरा निघालेला चालक घाटरस्त्यावर गाडी पळवून वेळ भरून काढतो, गेटवर ‘वेळेवर’ अशी नोंद होते आणि गाडीतल्या आठ जणांनी जीव मुठीत धरून केलेला प्रवास कुठेच दिसत नाही.

इथे मुद्दा येतो तो असा, की उशीर आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. बहुतेक वेळा एकाच दुखण्याची ती दोन लक्षणं असतात.

हे दुखणं समजण्यासाठी धंद्याची रचना बघायला हवी. कंत्राट ज्याच्या नावावर असतं, त्याच्या स्वतःच्या गाड्या बऱ्याचदा मोजक्याच असतात. बाकीच्या ‘अटॅच’ केलेल्या असतात. म्हणजे गावातल्या कोणीतरी कर्ज काढून घेतलेली गाडी, चालक तोच किंवा त्याने ठेवलेला पोरगा. कंपनी कंत्राटदाराला पैसे देणार, कंत्राटदार आपला हिस्सा कापून गाडीवाल्याला देणार, तेही दीड-दोन महिन्यांनी. डिझेल मात्र आज भरायचं असतं आणि बँकेचा हप्ता तारखेला जातो.

मग गाडीवाला काय करतो? आपल्या भागात उत्तर सोपं आहे. एका बाजूला रायगड, दुसऱ्या बाजूला महाबळेश्वर. दिवसा पर्यटकांचं रोख भाडं मारायचं आणि रात्री कंपनीची शिफ्ट करायची. पर्यटक प्रतापगडावर रेंगाळले की दुपारच्या शिफ्टची गाडी लेट. आणि तोच चालक रात्री अकराला सुटलेल्या माणसांना घेऊन निघतो, तेव्हा तो सकाळपासून स्टिअरिंगवर असतो. उशीर झाला तेव्हा फोन करून शिव्या घालता आल्या, पण पेंगणाऱ्या चालकाबद्दल तक्रार कोण आणि कधी करणार? कायद्याप्रमाणे चालकाला दिवसाला साधारण आठ तास आणि आठवड्याला 48 तास काम. पण दिवसाचं भाडं आणि रात्रीची शिफ्ट यांचा हिशोब एकाच वहीत कोणी लिहीत नाही, त्यामुळे ते तास कागदावर भरतच नाहीत.

उशीर हा नुसता उशीर नसतो, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात भयानक उदाहरण पुण्याचं आहे. 1 नोव्हेंबर 2007 च्या रात्री विप्रो बीपीओमध्ये नाईट शिफ्टला निघालेल्या एका तरुणीला न्यायला कंत्राटी कॅब आली. गाडीत चालकाबरोबर त्याचा मित्र होता. गाडी ऑफिसकडे न जाता आडरस्त्याला लागली. ती तेव्हा फोनवर बोलत होती आणि गाडी कुठे नेताय, असं तिने चालकाला विचारल्याचं पलीकडच्या माणसाने ऐकलं. गहुंजे परिसरात तिच्यावर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. त्यानंतर तीच कॅब पुढच्या कर्मचाऱ्याला घ्यायला बरीच उशिरा पोचली. उशीर का झाला? तर टायर पंक्चर झाला होता. आपण रोज ऐकतो तेच उत्तर.

दोघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने मे 2015 मध्ये कायम केली. पण ती अमलात आणायला झालेल्या दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती 35 वर्षांच्या कैदेत बदलली आणि डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला.

त्या रात्रीच्या दोन गोष्टी कुठल्याही कंपनीच्या ट्रान्सपोर्ट विभागाने आजही विचारात घ्याव्यात अशा आहेत. गाडीत नको असलेला माणूस होता आणि गाडी ठरल्या वाटेवर नव्हती. दोन्ही गोष्टी त्या क्षणी कंपनीत बसलेल्या कोणाला तरी कळायला हव्या होत्या. या आणि अशा घटनांनंतर बाई एकटी पहिली चढणार नाही किंवा शेवटची उतरणार नाही, नाहीतर सोबत गार्ड हवा, हा नियम अनेक कंपन्यांनी आपल्या कंत्राटात घेतला. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानेही रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती आणि दारापर्यंत वाहन बंधनकारक केलं. कारखान्यांना वेगळे कायदे लागतात, पण दिशा तीच आहे.

आता ‘दारापर्यंत’ हा शब्द कापड्याच्या वाटेवर लावून बघा. पावसात गाडी फाट्यावर थांबते आणि वरच्या वाडीपर्यंतची चढण चालत जायची असते. कंत्राटात ‘ड्रॉप पूर्ण’ असं लिहिलं जातं ते फाट्यावर. मग ती घरी पोचली की नाही हे कोण विचारणार? गाडीत जीपीएस आहे, पॅनिक बटण आहे, हे सांगितलं जातं आणि ते चांगलंच आहे. पण डोंगराच्या कुशीत नेटवर्क गेलं की जीपीएसचं यंत्र नोंद साठवून ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं. नंतर चौकशीला ते कामाचं. पॅनिक बटणाला मात्र त्याच क्षणी रेंज लागते. त्यामुळे अशा रूटवर ‘घरी पोचले’ हा फोन ठरल्या मिनिटांत आला नाही तर कंपनीतून कोणी कोणाला फोन करायचा, हे नाव-नंबरासह ठरलेलं असणं त्या बटणापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

बरं, एवढं सगळं होऊन कंपनीने कंत्राट काढलं असं धरू. ते एका दिवसात होत नाही. आधी ट्रिपशीट जोडून लेखी तक्रार, सुधारायला मुदत, बिलातून दंडाची कपात आणि मग करारात लिहिली असेल तेवढ्या दिवसांची नोटीस. दारू पिऊन गाडी चालवणं, परमिट नसणं अशा गोष्टींसाठी नोटिशीशिवाय करार संपवायचं कलम बऱ्याच करारांत असतं. नसेल, तर कंपनीच अडकते.

खरी गंमत पुढे आहे. नवीन कंत्राटदार येतो, पण महाड-पोलादपूर भागात त्याला दहा गाड्या मिळणार कुठून? तो त्याच अटॅच गाडीवाल्यांना फोन लावतो. काचेवरचा स्टिकर बदलतो. तोच चालक, तीच गाडी आणि वर जुन्या कंत्राटदाराकडे अडकलेलं दोन महिन्यांचं बिल. म्हणजे रोख भाड्याची गरज आधीपेक्षा जास्तच.

हे ओळखायचं कसं? जुन्या आणि नव्या गाड्यांचे नंबर शेजारी शेजारी लिहून बघा, एवढं सोपं आहे. नंबर `mParivahan` ॲपवर टाकला की फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे ते दिसतं. नंबरप्लेट पांढरी असेल, काळी अक्षरं असतील, तर ती खासगी गाडी आहे आणि भाड्याने माणसं वाहायचा तिला परवाना नाही. अपघात झाला तर विम्याचा वाद तिथूनच सुरू होतो. जुनीच गाडी परत आली म्हणून ती वाईट असं नाही. पण मग पैसे किती दिवसांत देणार आणि चालकाचे दिवसभराचे तास कोण मोजणार, हे नव्या करारात बदललंय का, हा प्रश्न कामगारांनी विचारायला हरकत नाही.

‘त्यापेक्षा कंपनीने स्वतःच्या गाड्या ठेवाव्यात’ असं अनेकांना वाटतं. 19 मार्च 2025 ला हिंजवडीत जळालेली टेम्पो ट्रॅव्हलर कंपनीचीच होती, चालकही कंपनीचाच. चार कर्मचारी गेले. पगार आणि वागणुकीच्या रागातून चालकानेच आग लावली, असा पोलिसांचा आरोप आहे. मागचा दरवाजा वेळेत उघडला नाही, असंही तेव्हा समोर आलं. गाडी कोणाच्या नावावर आहे यावर दरवाजा उघडणं अवलंबून नसतं. तो महिन्यातून एकदा कोणी उघडून बघतं का, यावर असतं.

आणि ‘ते कंत्राटदाराचं बघून घ्या’ हे उत्तर कायद्यात सगळीकडे चालत नाही. ईएसआय लागू असलेल्या कामगाराला मालकाने किंवा मालकाच्या वतीने चालवलेल्या वाहनात कामावर येता-जाता अपघात झाला, तर तो कामावरचाच अपघात धरायची तरतूद ईएसआयमध्ये आहे. त्यासाठी आपण त्या गाडीत होतो याचा कागद लागतो. म्हणून ट्रिपशीटवर सही करताना कंटाळा करू नका आणि चालकाने ‘सगळ्यांच्या सह्या मीच करतो’ म्हटलं तर करू देऊ नका.

सगळ्यात धोक्याचे असतात ते जुना गेला आणि नवा आला यामधले चार-सहा दिवस. जुना कंत्राटदार शेवटच्या आठवड्यात गाड्या कमी करतो, नव्याच्या चालकांना वाड्या माहीत नसतात आणि कंपनी तोंडी सांगते की ‘तेवढे दिवस आपापलं या’. मग रात्री अकराला सुटलेली पोरं पावसात बाईकवर ट्रिपल सीट निघतात. त्या दिवसांत कापड्याला गाडी कोणाची, चालकाचा नंबर काय आणि आपापलं यायला सांगितलं असेल तर ते कोणी सांगितलं, एवढं कंपनीकडून ग्रुपवर लेखी मागून घ्या.