वळणदार अक्षर, पण वाचता येते का?

दोन भावंडांच्या वह्या शेजारी ठेवून ‘हिचे अक्षर छान, त्याचे गचाळ’ असे आपण सहज बोलून जातो. पण तुलना करायची तर दोघांना सारखीच वही, सारखेच पेन आणि एकच वाक्य द्या. आपल्या रेवसचेच घ्या: ‘रेवसच्या धक्क्यावर घाईने मासळी भरून लाँच मुंबईकडे निघाली.’

मग ज्यांना हे वाक्य ठाऊक नाही, अशा दादीजानना किंवा शेजाऱ्यांना ते वाचायला द्या. समजा, मुलीच्या वळणदार अक्षरात ‘धक्क्यावर’चे ‘घक्क्यावर’ आणि ‘भरून’चे ‘मरून’ वाचले गेले. दोष वळणाचा नाही, वरच्या रेघेचा आहे. घ आणि म यांच्यावरची रेघ सलग असते, ध आणि भ यांच्यावर ती डावीकडे तुटते. तिने सगळीकडे सलग ओढली.

मुलाची अक्षरे वेडीवाकडी, तरी ओळखू येतात. मात्र त्याची रेघ एका शब्दावरून पुढच्या शब्दावर जाते. वाक्यात आठ शब्द आहेत, म्हणजे सात मोकळ्या जागा दिसायला हव्यात. त्या मोजा.

शेवटी स, व, म, ल पाहा. प्रत्येक अक्षर दोनदा आले आहे. दोन्ही वेळा आकार सारखा आहे का?

आता मुलीला पानेच्या पाने गिरवायला लावू नका. तिला फक्त ध आणि भ द्या. मुलाला प्रत्येक शब्दानंतर एका अक्षराएवढी जागा सोडायला सांगा.