चिठ्ठीचा फोटो पाठवताना सोबत काय लिहावे?

मेडिकलवाल्याला व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो पाठवायचा आणि खाली ‘औषधे पाठवा’ एवढेच लिहायचे, ही आता घराघरातली रीत झाली आहे. म्हाताऱ्या माणसाचा हेलपाटा वाचतो आणि दुकानात औषध आहे की नाही ते आधीच कळते. ही सोय चांगलीच आहे. पण ‘औषधे पाठवा’ या दोन शब्दांत दोन गोष्टी सुटतात. नेमके काय हवे ते दुकानदाराला कळत नाही. शिवाय त्याला जे कळायचे कारण नाही, ते सगळे फोटोतून कळते. फोटोसोबत सात-आठ ओळी नीट लिहिल्या तर दोन्ही टळते.

मुळात आपण पाठवतो ती बहुतेकदा नुसती चिठ्ठी नसते. सरकारी रुग्णालयात एकच कागद केसपेपर असतो आणि तोच औषधाची चिठ्ठीही असतो. वर नाव, वय, पत्ता, मोबाइल आणि नोंदणी क्रमांक. मध्ये तक्रारी, जुने आजार, दारू-तंबाखूची सवय, तपासण्यांचे आकडे. औषधे सगळ्यांत खाली. दुकानदाराला हवा असतो तो हा शेवटचा भाग, पण फोटो जातो अख्ख्या कागदाचा. तो पोचतो गल्ल्यावरच्या फोनवर, जो दुकानातली तीन-चार मुले दिवसभर हाताळतात. तिथून तो आपोआप गॅलरीत साठतो. एखादे औषध दुकानात नसेल तर ‘हे कोणाकडे आहे का?’ असे विचारत तोच फोटो दुकानदारांच्या ग्रुपवरही जाऊ शकतो. यात कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही. पण आजार आपला असतो आणि गावही आपलेच असते.

एक उदाहरण घेऊ. वडील बासष्ट वर्षांचे, साताऱ्यात राहतात. मुलगा पुण्यात नोकरीला. वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. या वेळी केसपेपरवर पाच औषधे आहेत : मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, टेल्मिसार्टन, अटॉरव्हास्टॅटिन आणि झोप लागत नाही म्हणून दहा दिवसांसाठी अल्प्राझोलाम. पहिले, दुसरे आणि चौथे औषध महिन्याभराचे रुग्णालयाच्या खिडकीवरून मोफत मिळाले. उरलेली दोन तिथे नव्हती, ती बाहेरून घ्यायची आहेत. वडिलांनी मुलाला फोटो पाठवला, मुलाने तो घराजवळच्या मेडिकलला पाठवला आणि खाली लिहिले, ‘औषधे पाठवा.’

दुकानदार पाचही औषधे पाठवणार. त्याच्यासमोर पाच ओळी आहेत आणि रुग्णालयातून काय मिळाले हे त्याला माहीत नाही. आता घरात ग्लिमेपिराइडच्या दोन पट्ट्या होतात. रुग्णालयाच्या पट्टीवर औषधाचे मूळ नाव ठळक छापलेले असते आणि दुकानाच्या पट्टीवर कंपनीने दिलेले नाव. दोन पट्ट्या, दोन रंग, दोन नावे, म्हणजे औषधे दोन, असे समजून वडील सकाळी दोन्ही गोळ्या घेतात. साखर खाली जाते. घाम फुटतो, हात थरथरतात. वयस्कर माणूस कधी असंबद्ध बोलू लागतो, आणि घरच्यांना वाटते की अर्धांगाचा झटका आला. असे रुग्ण आमच्या अपघात विभागात येतात, तेव्हा आम्ही आधी साखर तपासतो आणि मग घरातल्या सगळ्या पट्ट्या आणायला सांगतो. हे घरीही ओळखता येते. पट्टीवर ठळक नावाच्या जवळ बारीक अक्षरांत मूळ औषध आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. ते दोन पट्ट्यांवर सारखे असेल तर औषध एकच आहे.

म्हणून मुलाने वडिलांना विचारून पुढीलप्रमाणे लिहायला हवे होते. विचारून यासाठी की आजार वडिलांचा आहे. झोपेच्या गोळीची गोष्ट कोपऱ्यावरच्या दुकानात कळावी की नाही, हे त्यांनीच ठरवायचे.

‘नमस्कार. सोबत वडिलांच्या चिठ्ठीचा फोटो आहे. त्यातली फक्त दोन औषधे हवी आहेत. तिसऱ्या ओळीतले टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम, नुसते, एच किंवा एएम नको, ३० गोळ्या. पाचव्या ओळीतले औषध, १० गोळ्या. बाकीची तीन घरी आहेत, ती पाठवू नका. लिहिलेले औषध नसेल तर बदलून देऊ नका, मला फोन करा. माझे लिहिणे आणि फोटो यांत फरक दिसला तरीही आधी फोन करा. फोटो फक्त या खरेदीसाठी आहे. तो पुढे कोणाला पाठवू नका आणि औषधे दिल्यावर फोनमधून काढून टाका. तुमच्या रजिस्टरात लागेल ती नोंद जरूर करा. पाकीट बंद ठेवा, बिल आत घाला. मूळ चिठ्ठी घेऊन वडील संध्याकाळी स्वतः येतील.’

यातल्या प्रत्येक वाक्याला कारण आहे. ‘एक पट्टी द्या’ न म्हणता गोळ्यांचा आकडा लिहिला, कारण पट्टी दहाचीही असते आणि पंधराचीही. ‘एच किंवा एएम नको’ लिहिले, कारण टेल्मिसार्टनच्या जोडगोळ्या मिळतात. नावापुढे एच असेल तर त्यात लघवी वाढवणारे औषध असते, एएम असेल तर अम्लोडिपिन. नुसत्याऐवजी जोडगोळी गेली तर रक्तदाब गरजेपेक्षा खाली येऊन उठताना चक्कर येते, किंवा पायांवर सूज दिसू लागते. फरकाबद्दल फोन करायला सांगितले, कारण डॉक्टरांचे अक्षर आपण चुकीचे वाचू शकतो. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल घाईच्या अक्षरात सारखीच दिसतात, पण पहिले मधुमेहाचे आहे आणि दुसरे जंतुसंसर्गाचे. नाव वाचता येत नसेल तर अंदाजाने लिहू नये, ओळीचा क्रमांक द्यावा. जुनी पट्टी हाताशी असेल तर तिच्यावरून उतरवावे. पाचव्या ओळीचे नाव मुद्दामच लिहिलेले नाही. ते फोटोत आहेच, संदेशात पुन्हा कशाला?

बदलून देऊ नका, ही विनंती नियमाला धरूनच आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांच्या बाबतीत, लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे देण्याची मुभा औषध नियम दुकानदाराला देत नाहीत. डॉक्टरांनी फक्त मूळ नाव लिहिले असेल तर कोणत्याही कंपनीचे चालते. तेव्हा नेहमीच्या कंपनीचे मागावे, म्हणजे गोळीचा रंग बदलून म्हातारी माणसे गोंधळत नाहीत.

आता फोटोविषयी. काय झाकायचे आणि काय नाही, हे नियमावरूनच ठरते. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही आणि तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता, औषधाचे प्रमाण आणि एकूण संख्या असावी लागते. हे झाकले तर प्रामाणिक दुकानदार औषध देणार नाही, आणि त्याचे बरोबर असेल. मोबाइल क्रमांक, आधार किंवा आरोग्य खात्याचा क्रमांक, जुने आजार आणि तपासण्यांचे आकडे मात्र त्याला लागत नाहीत. फोटो काढताना त्या भागावर कोरा कागद ठेवावा. फोनवर नंतर रेघोट्या मारत बसू नये, कारण त्यात औषधाची ओळ अर्धवट पुसली जाते आणि कागदात फेरफार केल्यासारखे दिसते. एकदाच दिसणारा फोटोही पाठवू नये. दुकानदाराने चिठ्ठी पहिल्यांदा वाचताना आणि पाकीट भरताना अशी दोनदा पाहायला हवी. ती लगेच नाहीशी झाली तर तो आठवणीवर गोळ्या काढेल.

आपल्या मागणीला मर्यादाही आहेत. ‘कुठेच नोंद करू नका’ असे सांगता येत नाही. अल्प्राझोलाम एच-१ या यादीत आहे. या यादीतल्या औषधांसाठी डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहून ते रजिस्टर तीन वर्षे जपायचे, असा नियम १ मार्च २०१४ पासून आहे. क्षयाची प्रमुख औषधेही याच यादीत आहेत. शिवाय औषध दिल्यावर दुकानाचे नाव-पत्ता आणि तारीख चिठ्ठीवरच लिहायची असते, आणि फोटोवर शिक्का मारता येत नाही. म्हणून फोटो माल तयार ठेवण्यापुरता आणि औषध घेताना मूळ कागद, हीच योग्य वाटणी आहे. रजिस्टरातली एक ओळ कायद्याची गरज आहे, पण गॅलरीतला फोटो नाही. संदेशात ही रेघ स्पष्ट ओढली की दुकानदारालाही अवघडल्यासारखे होत नाही.

बिल आत घालायला सांगणे काहींना अतिरेक वाटेल. पण पाकिटावर टाचलेले बिल सोसायटीच्या रखवालदारापासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचू शकते. त्यावर झोपेच्या, मनोविकाराच्या किंवा क्षयाच्या औषधाचे नाव असेल तर पुढच्या चर्चेला वेळ लागत नाही. चर्चेच्या भीतीने औषधच मध्ये सोडणारे रुग्ण असतात, आणि क्षयाचे औषध मध्येच सोडणे म्हणजे त्याला न जुमानणाऱ्या जंतूंना वाव देणे.

कायदाही आता याच दिशेने चालला आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यात एक उदाहरण औषधाच्या दुकानाचेच आहे : ग्राहकाने पैसे मिळाल्याची पावती मोबाइलवर मागितली आणि स्वतःहून माहिती दिली, तर दुकानाने ती पावती पाठवण्यासाठी वापरावी. म्हणजे ज्या कामासाठी माहिती दिली, त्याच कामापुरती ती वापरायची. आपला संदेश हेच साध्या मराठीत सांगतो.

तरीही सगळा भार ग्राहकावर टाकणे मला पटत नाही. ज्याला डोळ्यांनी नीट दिसत नाही, लिहिता येत नाही, त्याने काय करावे? केसपेपर आणि औषधाची चिठ्ठी हे दोन वेगळे कागद असायला हवेत, आणि ते करणे रुग्णालयांच्या हातात आहे. औषधाचे मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असे डॉक्टरांना २०१६ पासून वैद्यक परिषदेच्या नियमांतच सांगितलेले आहे. रुग्णालयाच्या खिडकीवर जे औषध दिले त्याच्यापुढे ‘दिले’ असा शिक्का मारला, तर ग्लिमेपिराइड दोनदा घरी येण्याचे मूळ कारणच उरत नाही. दुकानदारांनी चिठ्ठ्यांसाठी वेगळा फोन ठेवावा, फोटो आपोआप साठण्याची सोय बंद करावी आणि रात्री शटर ओढण्याआधी दिवसभराचे फोटो काढून टाकावेत. यात खर्च जवळजवळ नाहीच.

हे होईपर्यंत वरचा संदेश आपल्या फोनमध्ये जपून ठेवा. दर महिन्याला त्यात औषधाचे नाव आणि गोळ्यांचा आकडा तेवढा बदला.