मराठी प्रत समजुतीला, इंग्रजी प्रत वसुलीला

भागीदारीपत्र इंग्रजीत करायचं, सह्या इंग्रजीवर घ्यायच्या आणि तालुक्याच्या गावातल्या भागीदारांच्या हातात ‘समजण्यापुरती’ मराठी प्रत ठेवायची, हा धंदा बंद झाला पाहिजे. मी दिल्लीतल्या मुनिरकात राहून अशाच प्रती तयार करण्याचं काम करतो. कृषी सेवा केंद्र, ऑइल मिल, औषधाचं दुकान असे दस्त महाराष्ट्रातून दिल्लीच्या एजन्सीकडे येतात आणि तिथून आमच्याकडे. मजुरी शब्दामागे मिळते. सोबत सूचना ठरलेली असते: कलमं सोपी करा, लांबण लावू नका.

सोपं करायच्या नादात सगळ्यात आधी मुडदा पडतो तो विसर्जनाच्या कलमाचा. मूळ दस्तात बहुधा एवढंच असतं की भागीदारी संस्था विसर्जित झाल्यावर हिशेब १९३२च्या भागीदारी अधिनियमाच्या कलम ४८ प्रमाणे होईल. मराठीत त्याचं होतं, ‘उरलेली रक्कम नफ्याच्या प्रमाणात वाटून घेतली जाईल.’ वाचायला गोड, पण धादांत खोटं.

एक साधा हिशेब मांडू. थोरल्या भागीदाराने १२ लाख घातले. धाकट्याने ३ लाख घातले आणि रोज गल्ल्यावर बसायचं कबूल केलं. नफा निम्मानिम्मा ठरला, तोट्याबद्दल दस्तात अक्षर नाही. काही वर्षांनी जमेना म्हणून दुकान मोडलं. आधीचा नफा वाटून झालेला, शिलकीत काही नाही. माल विकून, बँकेचं आणि व्यापाऱ्यांचं देणं फेडून ९ लाख उरले. मराठी प्रत वाचलेला धाकटा साडेचार लाखांची वाट बघत बसतो. त्याला मिळतो शून्य रुपया.

कारण कायदा उरलेली रक्कम थेट वाटत नाही. आधी बाहेरच्यांचं देणं, मग भागीदाराने भांडवलाव्यतिरिक्त दिलेली आगाऊ रक्कम, मग भांडवल, आणि त्यानंतर काही उरलं तरच नफ्याच्या प्रमाणात वाटणी. भांडवल १५ लाखांचं होतं, हाती ९ आले, म्हणजे तोटा ६ लाखांचा. वेगळं काही ठरलं नसेल तर तोटा नफ्याच्याच प्रमाणात सोसायचा, म्हणजे प्रत्येकी ३ लाख. धाकट्याचे ३ लाख त्यातच बुडाले, थोरल्याने ९ नेले. उरलेली रक्कम ६ लाखच असती तर तोटा ९ लाखांचा झाला असता आणि धाकट्याला घरातून दीड लाख आणून भरावे लागले असते. वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाला हे पहिल्यांदा कळतं ते नोटीस आल्यावर.

यात थोरल्याने कायदा मोडला असं नाही. कलम ४८ भागीदारांनी वेगळं ठरवलं तर बाजूला सारता येतं. धाकट्याने आपल्या वाट्याला तोटा येणार नाही असं लिहून घेतलं असतं तर आपसांत ते चाललं असतं (बाहेरच्या देणेकऱ्याला मात्र तो बांधील राहतोच). पण जे कलम आहे हेच ठाऊक नाही, ते बदलून कोण मागणार? म्हणून ही भाषांतराची किरकोळ चूक नव्हे. तिने त्याची घासाघीस करण्याची वेळच हिरावून घेतली.

यावर कडी करणारं वाक्य शेवटच्या पानावर असतं: दोन्ही मजकुरांत तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य. मग धाकटा म्हणतो, ‘साहेब, आमचं बोलणं वेगळं झालं होतं.’ फसवणूक सिद्ध करता आली तर गोष्ट वेगळी; एरवी लेखी कराराच्या शर्तींविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, हे साक्ष्य अधिनियमाने ठरवलेलं आहे. संताप याचा येतो की महाराष्ट्रातल्या तालुका न्यायालयाची भाषा मराठी आहे. भागीदार मराठी, दुकान मराठी गावातलं, दावाही मराठीत चालायचा. तरी बंधनकारक कागद तेवढा इंग्रजी! भागीदारीपत्र इंग्रजीतच हवं असं कोणताही कायदा सांगत नाही. इंग्रजी टिकून आहे ते मसुदा करणाऱ्याकडे तयार नमुना आहे आणि त्याला नवा लिहायचा कंटाळा आहे म्हणून.

भाषांतर करणाऱ्यांनी ‘कलम ४८ प्रमाणे’ एवढ्यावर थांबू नये. तो क्रम मराठीत पूर्ण लिहावा आणि एजन्सीने गाळायला सांगितलं तर काम परत करावं. आणि भागीदार होऊ घातलेल्या माणसाने सही मराठी दस्तावरच करावी, ‘इंग्रजी ग्राह्य’ हे वाक्य खोडायला लावावं. सीएसमोर बसून एकच प्रश्न विचारावा: उद्या दुकान मोडलं आणि भांडवलापेक्षा कमी पैसे उरले, तर माझ्या हातात किती? उत्तर रुपयांत घ्या, आकड्यांसकट दस्तात लिहून घ्या आणि मगच पेन उघडा.