स्पेलिंग बदलले म्हणून माणूस बदलत नाही

आधार कार्डावरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. पत्त्याला अशी मर्यादा नाही. आपल्या सुरतेतील मराठी घरांत हा नियम फार थोड्यांना ठाऊक आहे आणि बहुतेकांना तो कळतो तो हातची संधी गेल्यावर. म्हणून या अंकात त्यावरच लिहीत आहे.

आपली अडचण इतरांपेक्षा थोडी वेगळी आहे. घरात आपण मराठी बोलतो, महापालिकेच्या आणि शाळेच्या दप्तरात आपले नाव गुजरातीत लिहिले जाते आणि कार्डावर ते इंग्रजी अक्षरांत उतरते. 'ज्ञानेश्वर' हे एकच नाव घ्या. मराठी माणूस ते Dnyaneshwar लिहितो, गुजराती शाळेचा कारकून Gnaneshwar लिहितो आणि हिंदी वळणाचा ऑपरेटर Gyaneshwar टाईप करतो. त्यात प्रेमाने लावलेला 'भाई' आणि 'बेन' नावालाच चिकटतात. शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी येते, आपल्याकडे ते शेवटी. माणूस एकच, पण संगणकाच्या हिशेबी चार.

आमच्या बँकेच्या काउंटरवर आलेल्या एका गृहस्थांची हकीकत सांगतो. त्यांना आपण ज्ञानेश्वरकाकाच म्हणू. पॅन कार्ड आणि खाते Dnyaneshwar नावाने, शाळेचा दाखला Gnaneshwar नावाने आणि आधार Gyaneshwarbhai नावाने. बोर्डाच्या परीक्षेच्या सर्टिफिकेटवर आणि नोकरीच्या दप्तरात जन्मतारीख १ जून. आपल्या पिढ्यान्पिढ्यांच्या मास्तरांनी शाळाप्रवेशासाठी ठरवलेली ही तारीख घराघरात सापडेल. आधारवर मात्र १ जानेवारी, कारण कार्ड काढताना काकांनी नुसते वय सांगितले होते. पत्ता जुन्या मोहल्ल्याचा, आणि ते घर सोडून बारा वर्षे झालेली.

काकांनी आधी 'भाई' काढून घेतला. नावाची एक संधी संपली. मग पॅनशी स्पेलिंग जुळत नाही असे लक्षात आले, म्हणून Gyaneshwar चे Dnyaneshwar करायला गेले. घाईत पावती न वाचताच अंगठा दिला आणि कार्ड Dyaneshwar होऊन आले. दुसरीही संधी गेली. एक 'n' राहिला आणि पेन्शनची फाईल अडली. यात ऑपरेटरला शिव्या देऊन काही मिळत नाही. छापण्याआधी पडद्यावर नाव इंग्रजीत आणि गुजरातीत दोन्ही दाखवतात. ते अक्षर अक्षर लावून वाचणे आणि मगच अंगठा देणे, हे आपले काम आहे.

योग्य क्रम कोणता? पहिले काम घरी बसून करायचे. सगळे कागद टेबलावर मांडा आणि त्यातला एक आधाराचा कागद ठरवा. जन्मतारखेसाठी जन्माचा दाखला, पासपोर्ट किंवा बोर्डाची गुणपत्रिका चालते, नुसते प्रतिज्ञापत्र चालत नाही. नोकरी आणि पेन्शन ज्या तारखेवर उभी आहे, तीच तारीख दाखवणारा मान्य कागद निवडावा. जन्माच्या दाखल्यातच चूक असेल तर आधी तो दुरुस्त करावा लागतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १५ नुसार निबंधक मूळ नोंद न खोडता समासात दुरुस्ती करतो.

दुसरे काम नावाचे, कारण तारखेच्या कागदावरचे नाव आधारवरच्या नावाशी जुळले नाही तर अर्ज फेटाळला जातो. म्हणून 'भाई' काढणे, स्पेलिंग बदलणे आणि आडनावाची जागा बदलणे या तिन्ही गोष्टी एकाच अर्जात करा. तीन फेऱ्यांत नव्हे. मग तारीख, आणि शेवटी पत्ता. घर वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल आणि आपल्या नावाचे विजेचे बिल नसेल, तर २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने ऑनलाईन पत्ता बदलता येतो. नात्याचा पुरावा जोडावा लागतो आणि कुटुंबप्रमुखाला ३० दिवसांच्या आत होकार द्यावा लागतो. पुष्कळ अर्ज इथेच पडून राहतात, कारण भावाच्या मोबाईलवर संदेश येतो आणि तो कोणी पाहत नाही.

काकांसारखी ज्यांची संधी संपली त्यांनीही हातपाय गाळू नयेत. केंद्रात अर्ज नोंदवावा. मर्यादेच्या कारणाने तो फेटाळला की पावतीचा क्रमांक घेऊन १९४७ या नंबरवर किंवा ई-मेलने प्रादेशिक कार्यालयाकडे विशेष तपासणीची विनंती करावी. विनंती लांबलचक नको. कार्डावर काय आहे, काय हवे, कोणत्या कागदाच्या आधारे, आणि आधीच्या दुरुस्त्या कधी झाल्या, एवढेच लिहावे. आधीच्या दुरुस्त्यांचा तपशील प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर 'अपडेट हिस्टरी'त मिळतो.

आता मागणी. आधार कायद्याचे कलम ३१ दुरुस्तीची विनंती करण्याचा मार्ग देते. २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठासमोर एका ७४ वर्षांच्या सैनिकाच्या विधवेचे असेच प्रकरण आले होते. कार्डावरच्या चुकांमुळे त्यांचे कुटुंब निवृत्तिवेतन अडले होते. दुरुस्ती करून घेणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि ती सोय त्याला जवळ मिळायला हवी, असा त्या निकालाचा अर्थ आहे. आपले प्रादेशिक कार्यालय मुंबईला आहे. सुरतेच्या वृद्धाने एका अक्षरासाठी मुंबईकडे डोळे लावून बसायचे का?

माझे म्हणणे असे. देवनागरी किंवा गुजराती लिपीतले नाव तेच असेल आणि फक्त इंग्रजी स्पेलिंग बदलत असेल, तर ती नावाची दुरुस्ती न मानता लिप्यंतराची दुरुस्ती मानावी आणि दोनच्या मर्यादेत धरू नये. 'भाई' आणि 'बेन' काढणेही तसेच. दुसरे असे की, मर्यादा संपलेल्यांची तपासणी महिन्यातून ठरलेल्या दिवशी सुरतेतच व्हावी. कोणी म्हणेल, अशी सूट दिली तर लबाड लोक नावे बदलतील. पण लबाड माणूस नाव बदलतो, अक्षर नव्हे. आणि बोटांचे ठसे तर तेच राहतात.

पहिले आधार कार्ड २०१० साली निघाले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. सुरतेहून ताप्ती लाईनने निघालो की नंदुरबार लागते, आपल्यापैकी कितीजणांचे ते गावाकडचे स्टेशन आहे. आपल्याच मुलखात सुरू झालेल्या या योजनेत आपलीच नावे नीट लिहिली जावीत, एवढी मागणी जास्त नाही. सुरत आणि नवसारी या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांकडे मंडळाने हे निवेदन द्यावे. निवेदनासोबत नुसत्या सह्या नकोत. ज्यांची दुरुस्ती अडली आहे त्यांनी पावती आणि फेटाळल्याचे कारण मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे, आधार क्रमांकाचे पहिले आठ आकडे झाकून. तक्रारीला कागद जोडला की उत्तर द्यावे लागते, हे बँकेतल्या नोकरीने मला शिकवले आहे.