विश्लेषण : प्रबंधावर ‘एआय’चा ठपका आला, तर समितीला काय लिहावे?

समजा, यवतमाळ जिल्ह्यातील एका संशोधक विद्यार्थिनीने कोलाम पोडांवरील मुलांच्या शाळागळतीवर इंग्रजीत प्रबंध लिहिला. पोडांवर जाऊन मुलाखती घेतल्या, मार्गदर्शकांनी सुचवलेल्या दुरुस्त्या केल्या. प्रबंध सादर झाल्यावर विद्यापीठाच्या समितीचे पत्र आले : ‘तपासणीत ६८ टक्के मजकूर एआयनिर्मित आढळला. सात दिवसांत खुलासा करावा.’ तिने एआय वापरलेच नसेल, तर ‘मी वापरले नाही’ एवढ्यावर खुलासा थांबून चालत नाही. आरोप कशावर उभा आहे, तिथेच हात घालावा लागतो.

६८ टक्के म्हणजे नेमके काय?

वाङ्मयचौर्य तपासणीत ‘साम्य’ मोजले जाते. कोणते वाक्य कोणत्या लेखाशी जुळते, ते अहवालात दिसते आणि मूळ लेख उघडून खातरजमा करता येते. एआय तपासणीत असा मूळ लेख नसतो. वाक्यरचना किती अपेक्षित आणि एकसारखी आहे, अशा खुणांवरून सॉफ्टवेअर अंदाज बांधते. म्हणजे पहिला आकडा पडताळता येतो. दुसरा ही केवळ शक्यता आहे.

हा अंदाज चुकतो का?

चुकतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचे तपासणी साधन जुलै २०२३ मध्ये बंद केले, कारण त्याची अचूकता कमी होती. माणसाने लिहिलेला ९ टक्के मजकूर ते एआयचा ठरवत होते. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ निबंध सात साधनांतून तपासले. त्यातले सरासरी ६१ टक्के निबंध चुकीने एआयचे ठरले. मर्यादित शब्दसंग्रह आणि साधी वाक्ये हे त्याचे कारण होते. मराठीतून शिकून इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्यांना हा धोका थेट लागू पडतो. टर्निटिन कंपनीही सांगते, की केवळ या आकड्यावरून विद्यार्थ्यावर कारवाई करू नये.

नियम काय म्हणतात?

यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांत १०, ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत. साम्य ६० टक्क्यांच्या वर गेले, तर नोंदणी रद्द होऊ शकते. पण या पायऱ्या साम्यासाठी आहेत; एआयच्या अंदाजाला त्या परस्पर लावता येत नाहीत. शिवाय याच विनियमांनुसार समितीने नैसर्गिक न्यायाचे तत्त्व पाळायचे असते, म्हणजे विद्यार्थ्याला पुरावा दाखवून त्याचे म्हणणे ऐकायचे असते.

पत्रात काय असावे?

पहिला परिच्छेद मागणीचा : ‘कोणत्या सॉफ्टवेअरने, कोणत्या तारखेला, कोणत्या प्रकरणांची तपासणी झाली, तो संपूर्ण अहवाल मला द्यावा. तो मिळेपर्यंत खुलाशाची मुदत वाढवावी.’

दुसरा परिच्छेद पुराव्याचा. गूगल डॉक्समधील बदलांचा इतिहास, तारखांसह जुने मसुदे, मार्गदर्शकांनी दुरुस्त केलेल्या प्रती, क्षेत्रभेटीची वही, मुलाखतींच्या ध्वनिफिती, संशोधन सल्लागार समितीपुढे मांडलेले प्रगती अहवाल. सगळे गठ्ठ्याने जोडू नये. आक्षेप असलेल्या एका प्रकरणाचा प्रवास दाखवावा : नोंद, पहिला मसुदा, दुरुस्ती, अंतिम मजकूर.

तिसरा परिच्छेद प्रस्तावाचा : ‘आक्षेप असलेल्या कोणत्याही पानावर समितीने माझी तोंडी परीक्षा घ्यावी.’ ज्याने लिहिले, तो आकडे कुठून आले, हा निष्कर्ष का काढला, हे सांगू शकतो.

काय टाळावे?

व्याकरण सुधारणारे किंवा भाषांतराचे साधन वापरले असेल, तर ते लपवू नये. कुठे आणि कशासाठी, ते लिहावे. दुसऱ्या साधनाने दिलेला ‘शून्य टक्के’ अहवाल मुख्य पुरावा म्हणून जोडू नये. ही साधने विश्वासार्ह नाहीत, हा आपलाच मुद्दा त्याने कमकुवत होतो. आणि टक्का उतरवण्यासाठी प्रबंधात फेरफार करू नये.

समितीने ऐकले नाही तर?

यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. तिचा निर्णय अमान्य असेल, तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करता येते. शेवटचा मार्ग न्यायालयाचा. २०२४ मध्ये हरियाणातील ओ. पी. जिंदाल ग्लोबल विद्यापीठाने एका एलएलएम विद्यार्थ्याची उत्तरे ८८ टक्के एआयनिर्मित ठरवून त्याला अनुत्तीर्ण केले. तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेला. प्रकरण सुरू असतानाच विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केले आणि याचिका निकाली निघाली. त्यामुळे असा अहवाल पुरावा ठरतो का, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

त्याचे उत्तर विद्यापीठांनी न्यायालयावर सोपवू नये. एआयने लिहिलेले प्रबंध येत आहेत आणि ते पकडले गेलेच पाहिजेत. पण ते पकडण्याची जागा तोंडी परीक्षेची खोली आहे. विद्यार्थ्याला समोर न बसवता केवळ टक्क्यावर त्याची काही वर्षांची मेहनत रद्द करणे, ही तपासणी नव्हे.