पावरी बोलणारे मूल आणि ‘येईल हळूहळू’

रावेर-यावलच्या केळीबागांत कामासाठी शिरपूर-चोपड्याच्या सातपुडा भागातून आणि सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातून पावरा-बारेला कुटुंबे येतात. त्यांचे मूल सत्राच्या मध्येच मराठी शाळेत बसते. घरची भाषा पावरी. त्याच्याबद्दल एक ठरलेले वाक्य ऐकू येते: “बसू द्या, येईल हळूहळू.”

हे अर्धेच खरे आहे. मैदानावरचे मराठी ते लवकर उचलते, पुस्तकातले नाही. कॅनडातील भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांच्या मते बोलचालीची भाषा साधारण दोन वर्षांत येते, तर अभ्यासाची भाषा समवयस्कांइतकी यायला पाच ते सात वर्षे लागतात. खेळताना बोलते म्हणून मदत काढून घेणे ही नेहमीची चूक.

दुसरा समज असा, की चित्रे दिली तर मूल शब्द शिकत नाही. एकटे चित्र टाकले तर तसे होईलही. केळीच्या घडाचे चित्र पाहून ‘केळी’ म्हणायचे, ‘घड’ की ‘फणी’, हे मुलाला कसे कळावे? म्हणून चित्राखाली मराठी शब्द आणि आईकडून विचारून घेतलेला पावरी शब्द, दोन्ही देवनागरीत लिहावेत. पहिल्या दिवशी पाच-सहा कार्डे पुरतात: पाणी, लघवी, पोट दुखते, समजले नाही, पुन्हा सांगा. सुरुवातीला मूल गप्प राहील; “पाणी दाखव” म्हटल्यावर बोट बरोबर कार्डावर गेले, तर ते शिकत आहे.

‘विकले’, ‘उरले’ मात्र एका चित्रात मावत नाहीत. समजा, तिसरीतल्या मुलीला विचारले: “फणीत 14 केळी होती, 5 विकली, किती उरली?” ती 19 लिहिते. मग 14 – 5 नुसते मांडून द्यावे. उत्तर 9 आले, तर तिची वजाबाकी पक्की आहे. अडले ते ‘उरली’पाशी. तीन चित्रे ओळीने ठेवावीत: भरलेली फणी, गिऱ्हाइकाच्या हातातली पाच, मागे राहिलेली नऊ.

नव्या मुलाच्या मदतीला वर्गातला जोडीदार दिला, की त्या जोडीदाराचा अभ्यास बुडतो, ही पालकांची तक्रार निराधार नाही. एकाच हुशार मुलाला वर्षभर दुभाषा केले तर बुडेलच. दोघे नेमावेत: एक पावरी-मराठी जाणणारा, दुसरा फक्त मराठी बोलणारा, म्हणजे मराठी बोलण्याची गरज उरते. दर पंधरवड्याला जोडी बदलावी. जोडीदाराने वहीचे पान, रांग, घंटा दाखवावी. उत्तर सांगू नये. प्रश्न विचारताच मूल शिक्षकांऐवजी जोडीदाराकडे पाहू लागले, तर जोडी बदलायची वेळ झाली.

‘शाळेत मराठीच’ म्हणणाऱ्यांनी शिक्षण हक्क कायदा, 2009 चे कलम 29 वाचावे. शिक्षणाचे माध्यम शक्य तितके मुलाची मातृभाषा असावे, असे त्यात लिहिले आहे.